बँकेत ३९ हजार वाढले, मग तूट कशी?



आज जरा वेगळा विषय घेतेय. आमच्या मुळशी तालुक्यातल्या एका गावात एक छोटा धर्मादाय ट्रस्ट बालवाडी चालवतो. मुलं ३०, एक ताई, एक मदतनीस मावशी. मी नोकरीला जिल्हा परिषदेच्या शाळेत, पण याच बालवाडीतली मुलं पुढं आमच्या पहिलीत येतात. शिवाय मी डी.एड.च्या आधी बारावी कॉमर्समधून केली, हे खजिनदार काकांना कुठून तरी कळलं. त्यामुळे गेली दोन वर्षं मार्च संपला की ते किर्द, पावतीपुस्तकं आणि व्हाउचरची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात.

तर झालं काय, मे महिन्यात पालकांची सभा होती. फी महिन्याला ६०० वरून ७०० करायची असं ट्रस्टचं म्हणणं. सूचनाफलकावर २०२३-२४ चा जमा-खर्च लावलेला. एक पालक दादा उठले आणि म्हणाले, "काका, तुमच्याच कागदावर लिहिलंय, वर्षाच्या सुरुवातीला ४२ हजार होते, शेवटी ८१ हजार आहेत. ३९ हजार वाढलेत. मग शंभर रुपये कशाला वाढवताय?" काकांना उत्तर देता येईना. मागच्या ओळीत बालवाडीच्या ताई बसल्या होत्या. त्यांचं फेब्रुवारी-मार्चचं मानधन अजून मिळायचं होतं. त्याही गप्प.

दादांचं वाचन बरोबर होतं आणि काकांनीही काही लपवलं नव्हतं. कागदावरचा प्रत्येक आकडा खरा होता. फक्त तो कागद वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, शाळा, बालवाडी किंवा वाचनालय चालवणाऱ्या ट्रस्टने नुसता जमा-खर्च फलकावर लावू नये. त्याच्या शेजारी उत्पन्न-खर्च पत्रक हवंच. एकाचं दुसरं कसं होतं, ते या बालवाडीच्याच हिशेबावरून सांगते. आकडे सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

आधी फलकावरचा कागद बघा. बारावीच्या पुस्तकात याला प्राप्ती व शोधन खाते म्हणतात, गावात जमा-खर्च.

जमा:
सुरुवातीची शिल्लक (रोख व बँक) ४२,०००
बालवाडी फी १,८६,०००
साधारण देणग्या २०,०००
छपरासाठी देणगी १,००,०००
एकूण ३,४८,०००

खर्च:
मानधन १,५४,०००
वीज, सफाई, ऑडिट व किरकोळ १६,०००
खाऊ, खडू, रंग, साहित्य ३१,०००
विमा हप्ता ६,०००
नवीन बाकडी ६०,०००
अखेरची शिल्लक ८१,०००
एकूण ३,४८,०००

हा कागद म्हणजे वर्षभराच्या किर्दीचा सारांश. पैसा आला की डावीकडे, गेला की उजवीकडे. तो कोणत्या वर्षाचा, कोणत्या कामासाठी, एकदाच येणारा की दरवर्षीचा, हे तो विचारत नाही. आणि जो पैसा अजून आलाच नाही किंवा गेलाच नाही, तो त्याला दिसतच नाही.

उत्पन्न-खर्च पत्रक विचारतं ते वेगळंच: १ एप्रिल ते ३१ मार्च या बारा महिन्यांत बालवाडीने कमावलं किती, तिला चालवायला लागलं किती, आणि यंदाचं वर्ष आपल्या पायावर निभलं का?

हे काही मोठ्या संस्थांचेच चोचले नाहीत. आपल्याकडे नोंदणीकृत ट्रस्टला १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा लागू आहे. त्याच्या नियमांत ताळेबंदाचा नमुना शेड्यूल ८ मध्ये आणि उत्पन्न-खर्चाचा नमुना शेड्यूल ९ मध्ये छापलेला आहे. शेड्यूल ९ कधी हातात घेऊन बघा. व्याज आणि भाडं या ओळींत दोन शब्द आहेत, 'येणे झालेले' आणि 'प्रत्यक्ष मिळालेले' अशा अर्थाचे. म्हणजे हातात आलेल्या पैशावर थांबू नका, हे नमुन्यातच लिहिलंय. तरीही बऱ्याच ठिकाणी होतं असं की जमा-खर्चातले आकडे उचलायचे, शिल्लक गाळायची आणि शेड्यूल ९ च्या चौकटीत बसवायचे. आमच्या ट्रस्टचे आधीचे कागद मी काढून पाहिले, त्यात दोन वर्षं असंच केलेलं होतं.

हे ओळखायची खूण सोपी आहे, पालकांनाही जमेल. उत्पन्न-खर्च पत्रकातला वाढावा आणि बँक-रोख शिल्लकेतली वाढ हे दोन आकडे रुपयाला रुपया जुळत असतील तर समजा, फक्त वरचं शीर्षक बदललंय. खरोखर जुळणं अशक्य नाही, पण इतका योगायोग क्वचित.

आता फीपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

किर्दीत फी जमा आहे १,८६,०००. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती घेऊन बसलो. प्रत्येक पावतीवर महिना लिहिलेला असतो, निदान असायला हवा. त्यात १२,००० रुपये निघाले २०२२-२३ च्या थकबाकीचे. हे पैसे यंदा हातात आले, पण ती शिकवणी गेल्या वर्षीची, कमाईही गेल्या वर्षीची. म्हणून ते वजा. मग मार्चमध्येच १५ पालकांनी जून २०२४ ची फी भरून टाकली होती. ६०० प्रमाणे ९,००० झाले. ते पुढच्या वर्षाचे, म्हणून तेही वजा. उलट यंदाच्या काही महिन्यांची १५,००० फी ३१ मार्चला यायची बाकी होती. मुलं आली, शिकली, खाऊ खाल्ला, म्हणजे कमाई झाली, फक्त पैसा आला नाही. म्हणून ते मिळवायचे.

१,८६,००० − १२,००० − ९,००० + १५,००० = १,८०,०००

एक गोष्ट इथे विसरली जाते. गेल्या मार्चमध्ये कुणी यंदाची फी आगाऊ भरली असेल, तर ती यंदा मिळवावी लागते, कारण पैसा गेल्या वर्षी आला पण शिकवणी यंदा झाली. आमच्याकडे तशी कुणी भरली नव्हती, म्हणून तो आकडा शून्य.

आता आपण शिक्षक आहोत, तर आपली युक्ती वापरू. हजेरीपट काढा. ३० मुलं, ६०० रुपये, १० महिने. गुणाकार १,८०,०००. जुळलं! हा ताळा मला सगळ्यात आवडतो, कारण तो किर्दीवर अवलंबून नाही. फी लिहिणारा एक, हजेरी घेणारा दुसरा. दोन्हीचा आकडा एक आला तर फीची ओळ भक्कम. नाही आला तर तीन शक्यता असतात. कुणाला सवलत दिली आणि लिहिलं नाही, एखादं मूल मध्येच गेलं, किंवा एखादी पावती फाडली पण किर्दीत चढली नाही. पहिल्या वर्षी आमचा ताळा २,४०० ने चुकला होता. शोधलं तर वीटभट्टीवरच्या एका कुटुंबाची चार महिन्यांची फी माफ केलेली, फक्त तोंडी. माफ केल्याचं काहीच नाही, पण ते ठरावाच्या वहीत यायला हवं होतं.

थकबाकीच्या बाबतीत एक सावधगिरी. यायचे पैसे मिळवताना हात सैल सोडू नका. तीन वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेल्या कुटुंबाची फी दरवर्षी 'येणे' म्हणून दाखवत राहिलो, तर कागदावर श्रीमंती आणि कपाटात खडखडाट. या कायद्याच्या नियमांत ऑडिटरने एक वर्षाहून जुनी येणी किती आणि सोडून दिलेल्या रकमा किती, हे अहवालात सांगायचं असतं ते यासाठीच. येणार नसलेली रक्कम ठराव करून सोडून द्यावी, शेड्यूल ९ मध्ये त्यासाठी ओळ आहे.

मानधनाचंही तसंच, फक्त दिशा उलटी. ताई आणि मावशी मिळून महिन्याला १४,०००. यंदा दिले १,५४,०००. त्यात १४,००० होते मार्च २०२३ चे, गेल्या वर्षी राहिलेले. ते वजा. यंदाचे फेब्रुवारी आणि मार्च द्यायचे राहिले, २८,०००. ते मिळवायचे. झाले १,६८,०००. ताळा: १४,००० गुणिले १२. बरोबर.

इथे थोडं थांबा. जमा-खर्चात मानधन कमी दिसतं ते काटकसर केली म्हणून नाही, ताईंना पगार दिला नाही म्हणून. ट्रस्टने मानधन जितकं थकवलं, तितकी फलकावरची शिल्लक गुबगुबीत दिसली. दादा ज्या ३९ हजारांकडे बोट दाखवत होते, त्यातले काही त्यांच्याच मागे बसलेल्या बाईंचे होते. माझ्या मते नुसता जमा-खर्च लावण्यातला सगळ्यात मोठा अन्याय हाच.

आता सगळ्यात वादाची ओळ, छपरासाठीची देणगी.

मुळशीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. ताम्हिणीकडच्या बाजूला तर तो किती कोसळतो ते सगळ्यांना माहीत आहे. बालवाडीवर जुने सिमेंटचे पत्रे, दरवर्षी दोन ठिकाणी बादल्या ठेवाव्या लागतात. गावातून पुण्यात स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने जानेवारीत एक लाख रुपये दिले आणि पत्रात स्पष्ट लिहिलं, नवीन छप्पर आणि त्याखालच्या लोखंडी सांगाड्यासाठी. काम ३१ मार्चपर्यंत सुरू झालं नव्हतं.

काकांचं म्हणणं, देणगी ती देणगी, उत्पन्नातच धरायची. मी म्हटलं, धरून बघू. तसं केलं तर यंदा ८९,००० चा वाढावा दिसतो. म्हणजे बालवाडी झोकात चाललीय! पण त्या लाखातून खाऊ आणता येतो का, मानधन देता येतं का? नाही. तो पैसा ट्रस्टकडे आहे पण एका कामाशी बांधलेला आहे. तोपर्यंत तो कमाई नाही, एका अर्थी जबाबदारी आहे. शेड्यूल ८ मध्ये देण्यांच्या बाजूला ट्रस्टच्या मूळ निधीखाली 'विशिष्ट कामासाठी राखलेले निधी' असा वेगळा गट आहे. छपराचे एक लाख तिथे जातात, उत्पन्नात येत नाहीत.

यात कागद महत्त्वाचा. देणगीदाराचं पत्र किंवा पावतीवर लिहिलेला हेतू असेल, तरच ती राखीव. विश्वस्तांनी नंतर आपल्याच मनाने ठरवलं की "यातले पन्नास हजार छपराला ठेवू", तर तो वेगळा प्रकार. ती आधी साधारण देणगी म्हणून उत्पन्नात येते आणि मग वाढाव्यातून बाजूला काढली जाते. आमच्या पावतीपुस्तकात हेतूचा रकानाच नव्हता. पत्र जपून ठेवलं होतं म्हणून निभलं.

उरलेल्या ओळी भराभर घेऊ. बाकडी ६०,००० ची ऑक्टोबरच्या सुरुवातीला घेतली. ती यंदा संपली नाहीत, दहा वर्षं वापरली जातील. म्हणून ६०,००० खर्च म्हणून दाखवायचे नाहीत, ती मालमत्ता. पण वापराने झिजतात, तेवढा घसारा यंदाच्या खर्चात. आमच्या ट्रस्टने फर्निचरला १० टक्के दर धरलाय. नवीन बाकडी सहाच महिने वापरली, म्हणून ३,०००. जुनं फर्निचर पुस्तकात ४०,००० चं, त्यावर ४,०००. एकूण ७,०००. "आपण नफा कमवत नाही तर घसारा कशाला?" असं विश्वस्त हमखास विचारतात. अहो, बाकड्याला कुठं माहीत असतं मालक नफा कमावतो की नाही! ते मोडायचं तेव्हा मोडतं, आणि तेव्हा नवीन घ्यायला पैसे लागतात.

विमा यंदा पहिल्यांदाच काढला, १ ऑक्टोबरपासून वर्षाचा. अर्धा यंदाचा, ३,०००. उरलेले ३,००० आगाऊ भरलेले.

आणि एक ओळ अशी, जी जमा-खर्चात अजिबातच नाही. ट्रस्टची दोन लाखांची मुदत ठेव आहे, व्याज मुदतीच्या शेवटी एकदम मिळणारी. वर्षभरात किर्दीला व्याजाचा एक रुपया लागला नाही, त्यामुळे आधी दोन वर्षं ते कुणी धरलंच नाही. बँकेकडून व्याजाचा दाखला घेतला. यंदाचं व्याज १४,०००, ठेवीतच वाढलेलं. ते यंदाचं उत्पन्न. नाहीतर पाच वर्षं शून्य आणि सहाव्या वर्षी अचानक मोठा आकडा, आणि त्या वर्षीची समिती म्हणणार, बघा आमच्या काळात किती उत्पन्न वाढलं!

आता मांडू.

उत्पन्न:
फी १,८०,०००
साधारण देणग्या २०,०००
ठेवीवरील व्याज १४,०००
एकूण २,१४,०००

खर्च:
मानधन १,६८,०००
वीज, सफाई, ऑडिट व किरकोळ १६,०००
खाऊ व साहित्य ३१,०००
विमा ३,०००
घसारा ७,०००
एकूण २,२५,०००

तूट ११,०००

बँकेत ३९ हजार वाढले आणि वर्ष ११ हजारांच्या तुटीत गेलं. दोन्ही खरं. ३९ हजारांतून छपराचे एक लाख काढा, बाकड्यांचे साठ हजार परत घाला, आणि फी, मानधन, विमा, व्याज, घसारा यांचे फरक लावा, बरोबर उणे ११ हजारांवर पोचता. करून बघा.

आपण बरोबर केलं की नाही, हे कळायचा शेवटचा ताळा ताळेबंदात असतो. गेल्या मार्चअखेर ट्रस्टकडे काय होतं? रोख-बँक ४२,०००, फर्निचर ४०,०००, ठेव २,००,०००, थकीत फी १२,०००. बेरीज २,९४,०००. त्यातून द्यायचं मानधन १४,००० गेलं. स्वतःचा निधी २,८०,०००. यंदा मार्चअखेर? बँक ८१,०००, फर्निचर ९३,०००, व्याजासह ठेव २,१४,०००, थकीत फी १५,०००, आगाऊ विमा ३,०००. बेरीज ४,०६,०००. त्यातून छपराचा निधी १,००,०००, मानधन २८,००० आणि आगाऊ फी ९,००० वजा. राहिले २,६९,०००. दोन लाख ऐंशीतून अकरा हजार कमी. जुळलं. हा आकडा ज्या संध्याकाळी जुळला, त्या संध्याकाळी काकांनी आमच्या घरी दुसऱ्यांदा चहा घेतला.

खरी अडचण मात्र इथेच असते. यंदाचा हिशेब करायला गेल्या ३१ मार्चची यादी लागते: कुणाची फी राहिली होती, कुणाचं देणं होतं. छोट्या ट्रस्टकडे ती नसते. आमच्याकडेही नव्हती. मग मागे जाऊन तयार करावी लागते. एप्रिल ते जून २०२३ च्या पावत्या आणि व्हाउचर काढायची आणि प्रत्येकावर महिना बघायचा. एप्रिलमध्ये दिलेल्या मानधनाच्या व्हाउचरवर 'मार्च' लिहिलं असेल तर ते देणं गेल्या वर्षीचं. विजेच्या बिलावर वाचनाची तारीख असतेच. एकदा ही यादी बनली की पुढच्या वर्षी आपोआप मिळते, कारण यंदाचा ताळेबंद हीच पुढची सुरुवात.

ताळेबंद मांडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, जी ना जमा-खर्चात दिसली होती ना उत्पन्न-खर्चात. छपराचा निधी एक लाख, आणि बँकेत आहेत ८१ हजार. म्हणजे छपराच्या पैशातले १९ हजार आधीच दुसरीकडे गेलेत. कुणी खाल्ले नाहीत. एकाच खात्यात सगळा पैसा होता, आणि साधारण पैसा संपला तरी खात्यात शिल्लक दिसत राहिली, म्हणून रोजचा खर्च आणि बाकड्यांचा ताण छपराच्या पैशाने सोसला. पण देणगीदाराला पत्र लिहायची वेळ आली तर काय लिहिणार? आणि वरून ताईंचे २८ हजार द्यायचेत.

म्हणून सांगते, उत्पन्न-खर्च पत्रक आलं म्हणून जमा-खर्च फेकून द्यायचा नाही. पत्रक सांगतं वर्ष कसं गेलं. पुढच्या महिन्यात मानधनाला पैसे आहेत का, ते किर्दच सांगते. गंमत म्हणजे आयकर खातंही इथे किर्दीच्या बाजूने आहे. ट्रस्टने आपल्या कामासाठी किती वापरलं हे मोजताना प्रत्यक्ष दिलेली रक्कमच धरायची, असं २०२२ च्या वित्त कायद्याने स्पष्ट केलं. थकवलेलं मानधन आपल्या पत्रकात खर्च असलं तरी त्या मोजणीत ते ज्या वर्षी देऊ त्या वर्षी येतं. सीएंना हे माहीत असतंच, पण खजिनदाराने दोन्ही याद्या वेगळ्या ठेवल्या तर त्यांचं काम आणि आपली फी दोन्ही कमी होते.

आता परत सभेतल्या प्रश्नाकडे. दादा म्हणाले होते वाढ नको. ट्रस्ट म्हणत होता शंभर रुपये. दोघांनाही या पत्रकाने अर्धं-अर्धं खोटं पाडलं. तूट आहे ११,०००. ३० मुलं, १० महिने. महिन्याला ४० रुपये वाढवले तर १२,००० येतात, तूट भरते. शंभर वाढवले तर ३०,००० येतात, म्हणजे तुटीच्या जवळपास तिप्पट. शंभरचा आकडा समितीच्या डोक्यात आला कुठून? बाकडी घेतल्यावर खातं रिकामं झाल्यासारखं वाटलं, तिथून. पण बाकडी दरवर्षी घेणार नाही आहोत. एकदाच होणारा खर्च दरमहाच्या फीत टाकणं म्हणजे पुढची दहा वर्षं पालकांकडून त्याच बाकड्यांचे पैसे घेत राहणं.

दुसरी सभा पंधरा दिवसांनी झाली. या वेळी फलकावर तीन कागद होते: जमा-खर्च, उत्पन्न-खर्च आणि ताळेबंद. काकांनी ओळ न् ओळ वाचून दाखवली. मानधनाच्या ओळीला आल्यावर दादांनी मागं वळून ताईंना विचारलं, "खरंच दोन महिने नाही मिळाले?" ताई म्हणाल्या, "मिळतील हो." मग फीवर फार वेळ गेला नाही. ६५० ठरली. १५,००० येतील, तूट भरून चार हजार उरतील. थकबाकीदार पालकांची यादी नावं न वाचता ज्याच्या-त्याच्या हातात दिली गेली, आणि त्या १५,००० पैकी ११,००० आठवडाभरात जमा झाले. बँकेतून उरलेले घालून ताईंचं आणि मावशींचं मानधन चुकतं केलं.

छपरासाठी मुदत ठेव मोडावी लागली. त्यातून छपराचे पूर्ण एक लाख वेगळ्या खात्यात टाकले, उरलेल्याची नवी ठेव केली. काही विश्वस्तांना हे आवडलं नाही. ठेव मोडल्याने थोडं व्याज बुडालं, ते यंदाच्या पत्रकात दिसेल आणि दिसू दे. पौडच्या फॅब्रिकेटरने जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगाडा उभा केला. नवीन पावतीपुस्तक छापायला दिलं तेव्हा काकांनी दोन रकाने स्वतःहून वाढवले, 'कोणत्या महिन्याची फी' आणि 'देणगी कशासाठी'.